रस काढणाऱ्याने बाग विकत घ्यावी का?

१९६० साली कोका-कोलाने मिनिट मेड ही अमेरिकी रसकंपनी विकत घेतली आणि त्या सौद्यात तिच्या पदरात फ्लोरिडातल्या हजारो एकर संत्र्याच्या बागाही पडल्या. तोवर या कंपनीने आपला धंदा अगदी उलट तत्त्वावर उभा केला होता. पेयाचा अर्क स्वतः बनवायचा आणि पाणी मिसळून बाटल्या भरणे, त्या दुकानांत पोहोचवणे ही जड कामे ठिकठिकाणच्या बाटलीवाल्यांवर सोपवायची. जमीन, झाडे, हवामान यांच्याशी तिचा थेट संबंध कधी आला नव्हता. आता मात्र थंडीची लाट कधी येईल, मजूर कुठे राहतील आणि झाडाला खत किती घालायचे, हे प्रश्न तिच्या कचेरीत येऊ लागले. पुढची सुमारे तीन दशके या बागा कंपनीने सांभाळल्या आणि १९९०च्या दशकात विकून टाकल्या. रसाच्या धंद्यात उतरलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणारा प्रश्न या काळात पुरता तपासला गेला: फळ बाजारातून घ्यावे, करार करून घ्यावे, की बागच आपली असावी?

मिनिट मेडला बागा का हव्याशा वाटल्या, ते आधी पाहिले पाहिजे. ही कंपनी १९४५ मध्ये ‘फ्लोरिडा फूड्स’ या नावाने निघाली. तिला अमेरिकी लष्कराला संत्र्याच्या रसाची भुकटी पुरवायची होती. युद्ध संपले, लष्कराची मागणी गेली, आणि १९४६ पासून तिने घट्ट केलेला, गोठवलेला रस घरगुती ग्राहकांना विकायला सुरुवात केली. तो झपाट्याने खपू लागला. रसाचे पाणी निर्वात भांड्यांत उडवणारी ही यंत्रे महाग होती आणि ती वर्षातले काही महिनेच चालत. फ्लोरिडात हॅमलिनसारखी लवकर पिकणारी जात हिवाळ्यात येते, तर व्हॅलेन्शिया ही उशिराची, गडद रंगाची जात मार्चपासून जूनपर्यंत. या दोन बहरांच्या मध्ये एक खिंड पडते. त्या दिवसांत फळ मिळाले नाही, तर कारखाना थांबतो. कर्जाचे व्याज आणि कायम कामगारांचा पगार मात्र थांबत नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्यांचे कारखानेही त्याच मळ्यांच्या वेशीवर उभे असतात. ज्या वर्षी पीक कमी, त्या वर्षी तेच फळ मिळवण्यासाठी सगळ्यांची चढाओढ लागते. बाग आपली असेल तर फळ नक्की येईल, हा विचार अशा परिस्थितीत स्वाभाविकच होता.

‘फळ हातात’ याचा अर्थ केवळ टनांत मोजता येत नाही. फ्लोरिडातल्या कारखान्यांत फळाची किंमत वजनावर नव्हे, रसात विरघळलेल्या घन पदार्थांवर, म्हणजे मुख्यतः साखरेवर ठरते. साखर आणि आंबटपणा यांचे गुणोत्तर जसे वाढते तशी चव गोड होत जाते. प्रत्येक कारखान्याला आपल्या डब्याची चव वर्षभर सारखी ठेवायची असते. म्हणून कुठल्या मळ्यातले फळ कुठल्या आठवड्यात तोडायचे हा निर्णय फार मोलाचा. बागेच्या मालकाला तो विनासायास घेता येतो. पण हाच निर्णय करारानेही मिळवता येतो. कारखान्याचा माणूस मळ्यातून फळाचे नमुने आणतो, त्यांची तपासणी होते आणि तोडणीचा दिवस कारखाना ठरवतो, अशी कलमे या धंद्यात जुनी आहेत. फळ तोडून वाहून नेण्याचे कामही अनेकदा कारखाना किंवा मधला ठेकेदारच करतो. चवीवरच्या ताब्यासाठी जमिनीची मालकी लागतेच, असे नाही.

मालकीने काय मिळत नाही, ते कोका-कोलाला लवकरच कळले. १९६२ च्या डिसेंबरात फ्लोरिडावर शतकातल्या सर्वात कडक थंडीच्या लाटांपैकी एक आली. फळ झाडावरच गोठले, आणि गोठलेले फळ लवकर गाळले नाही तर आतून सुकत जाते. लाखो झाडेही दगावली. अशा वर्षी बाजारात फळ दुर्मीळ होते आणि भाव चढतो. बागमालक कारखानदाराला दोन्ही बाजूंनी फटका बसतो: आपल्या बागेत फळ नाही, आणि बाहेरून घ्यायचे तर चढ्या भावाने. ज्याच्याकडे बाग नाही त्यालाही चढा भाव द्यावा लागतो. मात्र मेलेल्या झाडांचा तोटा त्याच्या खात्यावर पडत नाही. पुरवठादारांच्याच जिल्ह्यात आपली बाग असेल, तर टंचाईविरुद्ध विमा म्हणून तिचा उपयोग होत नाही, कारण आपत्ती दोघांवर एकाच रात्री येते. १९८३, १९८५ आणि १९८९ च्या थंडीने मध्य फ्लोरिडातल्या बागांचे असे काही नुकसान केले की हा धंदाच राज्याच्या दक्षिण भागात सरकला. बाजारातून फळ घेणारा कारखाना आपल्या गाड्या दक्षिणेकडे वळवू शकत होता. उत्तरेकडे जमीन घेऊन बसलेल्याला ती विकून, नवी घेऊन, पुन्हा चार वर्षे फळाची वाट पाहावी लागत होती.

१९७० साली निराळेच संकट आले. फ्लोरिडातल्या फिरत्या शेतमजुरांच्या हालअपेष्टांवर एनबीसी वाहिनीने माहितीपट दाखवला. त्यात कोका-कोलाच्या बागांत राबणाऱ्या माणसांची घरे होती. कंपनीचे अध्यक्ष जे. पॉल ऑस्टिन यांना सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. परिस्थिती वाईट असल्याचे त्यांनी मान्य केले आणि सुधारणांचा आराखडा मांडला. १९७२ मध्ये सीझर चावेझ यांच्या संघटनेशी कंपनीने सुमारे १,२०० मजुरांसाठी करार केला. हे सारे व्हायलाच हवे होते. फ्लोरिडात इतर बागांतही मजुरांचे हाल कमी नव्हते, पण तिथे जाब विचारायला असे मोठे नाव सापडत नव्हते. बाग आपली झाली की तिथल्या माणसांची जबाबदारी आपल्या नावावर नोंदली जाते. बागांची किंमत ठरवताना मजुरांच्या निवाऱ्याचा, पिण्याच्या पाण्याचा आणि पगाराचा खर्च पहिल्या दिवसापासून धरला नसेल, तर ती किंमत चुकीची आहे.

त्याच राज्यात, त्याच काळात, ट्रॉपिकानाने निराळी वाट धरली. सिसिलीहून आलेल्या अँथनी रॉसी यांनी १९४७ साली सुरू केलेल्या या कंपनीचा भर घट्ट न केलेल्या, ताज्या चवीच्या रसावर होता. तिने फळ मुख्यतः बागायतदारांकडून विकत घेतले. मात्र रसाला क्षणभर उष्णता देऊन तो टिकवण्याची पद्धत तिने १९५० च्या दशकात अंगीकारली, १९५७ मध्ये रसाच्या टाक्या असलेले जहाज न्यूयॉर्कला पाठवले, काचेच्या बाटल्यांचा स्वतःचा कारखाना उभारला आणि १९७० पासून थंड डब्यांची स्वतःची आगगाडी उत्तरेकडे धावू लागली. साखळीतली पुढची कडी तिने ताब्यात घेतली आणि मागची सोडून दिली.

तिची निवड समजून घेतली तर सगळा प्रश्न सुटसुटीत होतो. फ्लोरिडात फळ विकणारे शेकडो होते; एकाशी पटले नाही तर दुसरा होता. ताजा रस थंड ठेवून सुमारे दोन हजार किलोमीटर नेणारे मात्र कुणी नव्हते. तशी आगगाडी दुसऱ्या कुणी आपल्या पैशाने बांधली असती, तर तिला ग्राहक एकच, ट्रॉपिकाना. मग भाव ठरवताना दोघांनी एकमेकांचा गळा धरला असता. जी वस्तू फक्त आपल्याच उपयोगाची आहे आणि म्हणून बाजारात कुणी बनवणार नाही, ती आपण बनवावी. जी वस्तू घेणारे आणि देणारे दोन्ही भरपूर आहेत, ती विकत घ्यावी. बागेलाही हाच निकष लावता येतो. चारचौघांना चालणारी व्हॅलेन्शिया कुणीही लावील. पण दोन बहरांमधली खिंड भरून काढणारी एखादी जात हवी असेल आणि तिला खुल्या बाजारात गिऱ्हाईक नसेल, तर बागायतदार ती आपल्या जोखमीवर का लावील? तेवढ्या बागेपुरता मालकीचा किंवा दीर्घ कराराचा विचार खरा ठरतो.

आता खर्चाचा हिशेब. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण त्यांची घडण खऱ्या धंद्यातलीच आहे. फ्लोरिडात फळ ९० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४१ किलोच्या, पेटीत मोजतात. एका कारखान्याला हंगामात १० लाख पेट्या लागतात असे धरू. एकरी ४०० पेट्या पिकत असतील तर २,५०० एकर बाग हवी. फवारणी, पाणी, खत, तण काढणे यांना एकरी वर्षाला २,००० डॉलर लागतात असे मानले, तर देखभालीचा खर्च होतो ५० लाख डॉलर. जमीन आणि झाडे मिळून एकरी ८,००० डॉलरना घेतली, तर २ कोटी डॉलर अडकले. त्यावर ८ टक्क्यांनी वर्षाला १६ लाख डॉलर धरावे लागतात. एकूण ६६ लाख, म्हणजे पेटीमागे ६ डॉलर ६० सेंट. तोडणी आणि वाहतूक दोन्ही मार्गांत सारखीच, म्हणून ती सोडून देऊ.

झाडावरच्या फळाचा बाजारभाव ८ डॉलर असेल तर मालकीमुळे वर्षाला १४ लाख डॉलर वाचतात. भाव ५ डॉलर असेल तर १६ लाख जातात. इथपर्यंत हा केवळ भावाचा खेळ वाटतो. खरी मेख पुढे आहे. बागेचा खर्च पेटीमागे होत नाही, एकरामागे होतो. फळ कमी आले म्हणून फवारणी कमी होत नाही. रोग असेल तर उलट वाढते. उत्पादन एकरी २०० पेट्यांवर आले, की तेच ६६ लाख डॉलर ५ लाख पेट्यांवर वाटले जातात आणि पेटी १३ डॉलर २० सेंटना पडते. १०० पेट्यांवर आले तर २६ डॉलर ४० सेंट. शिवाय उरलेल्या पेट्या बाहेरून घ्याव्या लागतात, तेही शेजाऱ्यांचे पीकसुद्धा घटलेले असताना. विकत घेणाऱ्याचा खर्च मात्र मिळालेल्या पेटीमागे असतो. जी पेटी पिकलीच नाही तिचे पैसे तो देत नाही.

कंपनीच्या वहीत हा तोटा बराच काळ लपून राहू शकतो. कारखाना आपल्याच बागेचे फळ स्वस्त दराने ‘घेतो’, मग रसविभाग नफ्यात दिसतो आणि बागा ‘थोड्या तोट्यात’. जमीन जुनी, पूर्वीच घेतलेली असेल तर तिच्यात अडकलेल्या पैशाचे व्याज कुणी मोजतच नाही. त्याची परीक्षा साधी आहे. बागेला फळाचा त्या दिवसाचा बाजारभाव द्यावा, बागेकडून जमिनीचे चालू दराने भाडे घ्यावे, आणि मग दोन्ही खाती वेगवेगळी पाहावीत. बाग एकटी उभी राहत नसेल, तर कारखान्याला तिचा नेमका कोणता फायदा होतो, याचे उत्तर आकड्यात मागावे.

एकरी उत्पादन असे पाव हिश्श्यावर येणे ही कल्पनेतली भीती नाही. २००५ मध्ये फ्लोरिडात सिट्रस ग्रीनिंग हा रोग सापडला. सिट्रस सायला या चिमुकल्या किडीबरोबर त्याचा जिवाणू झाडात शिरतो आणि अन्नरसाच्या वाहिन्या तुंबवतो. पानावर पिवळे डाग पडतात, पण मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. जस्ताच्या कमतरतेने आलेला पिवळेपणा दोन्हीकडे सारखा असतो, त्यावरून अनुभवी माणूस फरक ओळखतो. फळ लहान आणि वेडेवाकडे राहते, खालच्या टोकाला हिरवेच असते आणि पिकण्याआधी गळते. सर्वात घातक म्हणजे लागण झाल्यावर कित्येक महिने, कधी वर्षे, झाड निरोगी दिसते. बाग विकत घेताना जो पाहणी करतो त्याला हिरवीगार झाडे दिसतात, आणि सौदा झाल्यानंतर रोग वर येतो.

१९९७-९८ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्याच्या सुमारे २४ कोटी ४० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा सव्वा कोटीच्या आसपास आला. वादळांनी आणि जमिनीच्या चढत्या किमतींनी भर घातली, पण मूळ घाव रोगाचा. कोका-कोलाने बागा १९९० च्या दशकातच विकल्या होत्या, रोग येण्याच्या बरेच आधी. तिला तो दिसला होता असे म्हणता येणार नाही. पण बाहेर पडल्यामुळे ती या तोट्यातून वाचली.

तरी फळ तर हवेच होते. २०१३ मध्ये कंपनीने फ्लोरिडात २५,००० एकरांवर सुमारे ५० लाख नवी झाडे लावण्याची योजना जाहीर केली. जमीन आणि लागवड दुसऱ्यांची, ब्राझीलच्या कुत्राले घराण्याची कंपनी आणि पीस रिव्हर सिट्रस यांची. कोका-कोलाने त्या बागांचे फळ दीर्घकाळ घेण्याची हमी दिली. आधी बागा बाळगून त्या विकलेल्या कंपनीने विचारपूर्वक शोधलेली ही मधली वाट आहे. अशा हमीवर बँक बागायतदाराला कर्ज देते आणि झाडे लागतात. झाड मेले तर तोटा लावणाऱ्याचा. रसाची मागणी पडली तरी फळ उचलायची जबाबदारी घेणाऱ्याची. ज्याला जी जोखीम सांभाळता येते ती त्याच्याकडे जाते. मागणी घसरल्यावर अशी हमी जड होते, हेही खरे, म्हणून हमीचे प्रमाण नीट ठरवावे लागते.

बागा स्वतःकडे ठेवणाऱ्यांनी फायदा केलाच नाही, असेही नाही. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात मोठ्या रसकंपन्यांनी स्वतःच्या प्रचंड बागा उभारल्या आणि त्या जगभर रस पुरवतात. विस्तीर्ण जमीन असल्याने त्यांना रोगट झाडे वेळीच उपटता येतात आणि रोगापासून दूरच्या भागात नवी लागवड करता येते. पण या मालकीचा आणखी एक उपयोग झाला, आणि तो स्वच्छ नाही. ज्याच्याकडे स्वतःचे फळ आहे तो बाहेरच्या शेतकऱ्याला ‘तुझे नको’ म्हणू शकतो. छोट्या बागायतदारांची तक्रार होती की कंपन्या संगनमताने भाव पाडतात. ब्राझीलच्या स्पर्धा-नियामकाने १९९९ मध्ये चौकशी सुरू केली आणि २०१६ मध्ये कंपन्यांनी सुमारे ३० कोटी रेआल भरून तडजोड केली. बाग घेण्याच्या ‘फायद्यां’च्या यादीत सौद्यातली ताकद जेव्हा वर येते, तेव्हा ती ताकद कुणाविरुद्ध वापरली जाणार, हे विचारणे मला आवश्यक वाटते.

उलट दिशेचे उदाहरण फ्लोरिडातच आहे. लेक वेल्सची ‘फ्लोरिडाज नॅचरल’ ही बागायतदारांची सहकारी संस्था; इथे कारखान्याने बाग घेतलेली नाही, बागवाल्यांनी कारखाना उभा केला आहे. आमच्या डब्यात फक्त फ्लोरिडाचे फळ, हा तिचा अभिमान होता. पीक इतके घटले की २०२२ मध्ये तिलाही बाहेरून आणलेला रस मिसळावा लागला. मालकांची जमीन एकाच राज्यात असली की वळायला जागा उरत नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या सर्वात मोठ्या बागायतदारांपैकी एक, अलिको, या कंपनीने जाहीर केले की चालू हंगामानंतर संत्र्यांचा धंदा आवरता घेणार. पन्नास हजार एकरांहून अधिक जमीन असलेल्या या कंपनीचे फळ प्रामुख्याने ट्रॉपिकानाला जात असे. दहा वर्षांत तिचे उत्पादन ७३ टक्क्यांनी घटले होते. जमिनीचा काही भाग घरबांधणीकडे आणि उरलेला इतर पिकांकडे वळणार आहे. बाग न घेणाऱ्या कारखान्यासाठी हा इशारा आहे: पुरवठादारालाही धंदा सोडायची मुभा असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न निराळ्या टोकापासून सुरू होतो, कारण आधी कायदा उभा राहतो. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर राज्यात बंधने आहेत. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकरांची मर्यादा घातली आणि जिरायतीला ५४ एकरांची. हजारो एकरांची फ्लोरिडासारखी बाग इथे मुळात शक्यच नाही. शिवाय नागपुरी संत्रे हे रसाचे फळ म्हणून वाढवलेले नाही. त्याला बाजारात खायचे फळ म्हणून भाव मिळतो, बिया बऱ्याच असतात आणि काढलेला रस काही वेळाने कडवट होतो. आंबिया किंवा मृग बहराची बाग व्यापारी झाडावरच ठोक घेतो. कारखान्याच्या वाट्याला लहान, डागाळलेले फळ येते आणि तेही भाव पडलेल्या वर्षीच मुबलक येते. वरचा निकष इथे उपयोगी पडतो. कमी बियांची, कडवटपणा नसलेली, फक्त रसाला चालणारी जात हवी असेल तर ती शेतकऱ्याने लावावी यासाठी त्याला कारण दिले पाहिजे.

असे कारण आंब्यात दिले गेले आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने कोका-कोलाबरोबर २०११ मध्ये आंध्र प्रदेशातल्या चित्तूर भागात ‘उन्नती’ प्रकल्प सुरू केला. एरवी एकरी चाळीसएक झाडे असतात, तिथे अतिघन लागवडीने सहाशेवर झाडे, ठिबक आणि शेतकऱ्याला प्रशिक्षण. जमीन शेतकऱ्याचीच राहिली.

विदर्भातल्या एखाद्या रसकारखान्याने उद्या संत्र्यासाठी असा करार करायचा ठरवला, तर त्याला तीन गोष्टी कागदावर आणाव्या लागतील. रसाच्या जातीला पहिली चार वर्षे फळ नसते, तेव्हा त्या काळाचा खर्च कोण सोसणार. बाजार चढला की शेतकरी फळ दुसरीकडे देतो आणि पडला की कारखाना उचलत नाही, हे दोन्ही टाळायचे तर एक किमान भाव आणि त्यावर बाजाराशी जोडलेली वाढ हवी. अमेरिकी वायदेबाजारात घट्ट रसाचा भाव २०२४ मध्ये पौंडाला ५ डॉलरच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी निम्म्याहून खाली आला. एवढ्या झोक्यात एकच ठराविक भाव लिहिलेला कागद कुणीच पाळत नाही. तिसरी गोष्ट प्रमाणाची. सर्वात मंद वर्षातही कारखाना जेवढे फळ गाळतो, तेवढ्याचाच दीर्घ करार करावा, आणि तोही पन्नास मैलांच्या पट्ट्यात नव्हे तर काटोल, वरूड आणि अकोट अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या बागांशी, म्हणजे एका गारपिटीत सगळे फळ जाणार नाही. त्यावरचे फळ दरवर्षी बाजारातून घ्यावे.